चमचाभर तूप, लोणी व खोबरेल : कॅलरी आणि संपृक्त मेदाची मोजणी

जेवणात घेतलेल्या एक चमचा तुपातून, लोण्यातून किंवा खोबरेल तेलातून शरीराला किती कॅलरी मिळतात आणि त्यांतला संपृक्त मेद (पुड्यावरचा ‘सॅच्युरेटेड फॅट’) किती असतो, हे काढण्याची घरगुती रीत. रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल वाढलेल्यांना आहारतज्ज्ञ अशी मोजणी करायला सांगतात. सातारा-सांगली भागात ती करताना दोन अडचणी हमखास येतात. एक, इथला ‘चमचा’ ठरलेल्या मापाचा नसतो. दुसरी, इथे नारळाचा मेद बाटलीतून न येता वाटणातून येतो.

हिशेब मुळात सोपा आहे. मापाचा चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा असतो. तूप पाण्यापेक्षा हलके असल्याने त्यात पातळ तूप साधारण साडेचार ग्रॅम मावते. तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ मेद, आणि एक ग्रॅम मेदाला ९ कॅलरी धरतात, म्हणून चमच्याला ४० कॅलरी होतात. तुपाच्या वजनापैकी सुमारे ६२ टक्के भाग संपृक्त मेदाम्लांचा असतो, तेव्हा संपृक्त मेद २.८ ग्रॅम. विकतच्या लोण्यात, म्हणजे बटरमध्ये, मेद ८० टक्क्यांच्या आसपास असतो आणि उरलेले बहुतेक पाणीच. त्यामुळे सपाट चमच्याला सुमारे ३४ कॅलरी आणि २.४ ग्रॅम संपृक्त मेद पडतो. खोबरेल तेलाच्या चमच्याला कॅलरी तुपाइतक्याच, ४०, पण संपृक्त मेद ३.७ ग्रॅमच्या पुढे जातो. तुलनेसाठी शेंगतेल घेतले तर कॅलरी पुन्हा ४० आणि संपृक्त मेद पाऊण ग्रॅमच्या जवळपास. वजन कमी करायचे म्हणून तुपाऐवजी तेवढेच तेल घेतल्याने काही साधत नाही. फरक पडतो तो संपृक्त मेदात.

हे आकडे दशांशापर्यंत खरे मानू नयेत. गाई-म्हशींचा चारा, हंगाम आणि दूध कोणाचे यांवर तुपातले संपृक्त मेदाचे प्रमाण साठ ते पासष्ट टक्क्यांच्या दरम्यान हलते, म्हणजे एका चमच्यात २.७ ते २.९ ग्रॅम असा फरक पडतो. तो सोडून देण्याजोगा आहे. खरी चूक चमचा भरताना होते.

स्टीलच्या डब्यातला घरचा चहाचा चमचा कधी साडेतीन मिलिलिटरचा निघतो, कधी सहाचा. पोह्याचा चमचा तर दहापासून पंधरापर्यंत काहीही असू शकतो. त्यातही तूप पातळ आहे की घट्ट, यावर बरेच ठरते. सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत तूप डब्यात पातळच असते, चमच्यात काठाशी येऊन थांबते. साताऱ्याच्या थंडीत तेच रवाळ, घट्ट झालेले तूप चमच्यावर डोंगर करून येते आणि पाच मिलिलिटरच्या चमच्यात आठ-नऊ ग्रॅम सहज बसते. खोबरेल तर पंचवीस अंशांच्या खाली आले की गोठू लागते. गोठल्याने त्याचे पोषणमूल्य बदलत नाही, बदलते फक्त चमच्यात मावणारे वजन. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रिकामी वाटी ठेवून आकडा शून्य करावा आणि नेहमीच्या हाताने, नेहमीच्या चमच्याने पाच चमचे तूप त्यात घालावे. आलेल्या वजनाला पाचाने भागले की त्या घराचा, त्या हाताचा चमचा कळतो. एकच चमचा मोजू नये. साधे काटे दोन-चार ग्रॅमला डळमळतात.

उदाहरणासाठी थंडीतले पुरणपोळीचे जेवण घेऊ. दोन पोळ्या आणि प्रत्येकीवर ‘एकच चमचा’ तूप. पुस्तकातल्या मापाने दोन चमचे म्हणजे ९ ग्रॅम तूप, ८१ कॅलरी, साडेपाच ग्रॅम संपृक्त मेद. काट्यावर मात्र वाढणाऱ्या हाताचा घट्ट तुपाचा चमचा ८ ग्रॅमचा भरला, तर १६ ग्रॅम तूप, १४४ कॅलरी आणि दहा ग्रॅमच्या आसपास संपृक्त मेद होतो. पोळीला तव्यावर वरून लावलेले तूप यात अजून धरलेलेच नाही. पानात तूप नको म्हणून हात आडवा धरेपर्यंत वाढत राहण्याची आपल्याकडची रीत लक्षात घेता आठ ग्रॅम हा सौम्य अंदाज आहे.

आता हे दहा ग्रॅम कशाशी ताडायचे? जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे संपृक्त मेदातून मिळणाऱ्या कॅलरी दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ नयेत. दोन हजार कॅलरींचा आहार असेल तर दहा टक्के म्हणजे २००, आणि त्याला ९ ने भागले की २२ ग्रॅम. खाद्यपदार्थांच्या पुड्यावर ‘आरडीए’ची, म्हणजे रोजच्या शिफारस केलेल्या प्रमाणाची, टक्केवारी छापताना अन्नसुरक्षेचे नियम करणाऱ्या एफएसएसएआयने धरायला सांगितलेला आकडाही हाच, २२ ग्रॅम. पण तो सगळ्यांना लागू पडत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने बैठे काम करणाऱ्या प्रमाण स्त्रीची गरज १,६६० कॅलरी धरली आहे. तिची मर्यादा १८ ग्रॅमवर येते. एलडीएल कमी करण्याची गरज असलेल्यांसाठी अमेरिकेतली हृदयरोग संघटना सहा टक्क्यांच्या आत राहायला सांगते, म्हणजे दोन हजार कॅलरींना १३ ग्रॅम. दहा ग्रॅम संपृक्त मेद पोळीवरच संपला की उरलेल्या दिवसाला फारसे काही राहत नाही.

आणि उरलेल्या दिवसात दूध असते. सहा टक्के मेदाच्या दुधाचा २०० मिलिलिटरचा पेला घेतला तर त्यात सुमारे १२ ग्रॅम मेद आणि सात-साडेसात ग्रॅम संपृक्त मेद येतो, म्हणजे सपाट अडीच चमचे तुपाइतका. तुपाचा चमचा दिसतो म्हणून मोजला जातो. चहातले म्हशीचे दूध, साय आणि कंदी पेढ्यातला खवा मोजणीतून सुटतात. तूप बंद करून सायीचे दही तसेच चालू ठेवणाऱ्यांचा हिशेब इथेच फसतो.

लोण्याच्या बाबतीत पुड्यावरचा आकडा घरी चालत नाही. विरजण घुसळून काढलेल्या पांढऱ्या लोण्यात ताकाचे पाणी किती राहिले, हे ते किती वेळा धुतले आणि किती दाबून निथळले यावर ठरते. म्हणून लोणी कढवतानाच माप घ्यावे. समजा ४०० ग्रॅम लोणी कढवून, गाळून ३०० ग्रॅम तूप मिळाले. तेव्हा त्या लोण्यात मेद ७५ टक्के. प्रत्यक्षात थोडा जास्तच, कारण बेरीला काही तूप चिकटून राहते. अशा लोण्याच्या ५ ग्रॅमला पावणेचार ग्रॅम मेद, ३४ कॅलरी आणि २.३ ग्रॅम संपृक्त मेद धरावा. ज्वारीच्या भाकरीवर मात्र लोणी चमच्याने येत नाही, गोळ्याने येते, आणि लिंबाएवढा गोळा पंचवीस-तीस ग्रॅमचा असू शकतो. तेव्हा लोणी तुपापेक्षा हलके, हे ग्रॅमला ग्रॅम लावले तरच खरे आहे.

खोबरेल तेल या भागात डोक्याला लावायचे. स्वयंपाक शेंगतेलात, करडईत किंवा आता सोयाबीन, सूर्यफुलात होतो. त्यामुळे ‘आमच्याकडे खोबरेल नाहीच’ असे म्हणून लोक तो रकाना रिकामा सोडतात. सुक्या खोबऱ्यात मात्र वजनाच्या जवळजवळ दोनतृतीयांश मेद असतो आणि संपृक्त मेद शंभर ग्रॅमला सुमारे ५७ ग्रॅम. चार जणांच्या रश्श्याला २० ग्रॅम सुके खोबरे भाजून वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला ५ ग्रॅम येते आणि त्यातून २.८ ग्रॅम संपृक्त मेद मिळतो. अगदी एका चमचा तुपाएवढा. कांदा-लसूण मसाल्यात खोबरे असते, पण तो चमचाभरच पडत असल्याने त्याचा वाटा लहान राहतो. मोजायचे ते ताज्या वाटणाचे. ओल्या नारळात पाणी निम्म्याच्या जवळपास असल्याने त्याच वजनाला मेद बराच कमी भरतो.

खोबरेलातला संपृक्त मेद ‘वेगळा’ असल्याने मोजू नये, असे हल्ली पुष्कळदा सांगितले जाते. त्यात लॉरिक आम्ल निम्म्याच्या आसपास असते, आणि मध्यम लांबीची म्हणून गौरवलेली जी मेदाम्ले थेट यकृताकडे जातात ती त्यात थोडीच असतात. लॉरिकचा मोठा भाग इतर मेदासारखाच शोषला जातो. असंपृक्त तेलांशी तुलना केली तर खोबरेलाने एलडीएल वाढते, हे माणसांवरच्या चाचण्यांतून दिसले आहे. रकान्यात ते पूर्ण धरावे.

पुड्यावरून आकडे घेताना एक सापळा आहे. तूप बहुधा लिटरने विकले जाते आणि काही पुड्यांवर पोषणमूल्य १०० मिलिलिटरचे असते, काहींवर १०० ग्रॅमचे. पहिल्यात कॅलरी ८१५च्या आसपास दिसतात, दुसऱ्यात ९००च्या जवळ. तूप तेच असते. पहिला आकडा चमच्याच्या मिलिलिटरला लावावा, दुसरा काट्यावरच्या ग्रॅमला.

चमचे मोजण्याचा कंटाळा असेल त्यांनी डबा मोजावा. तुपाचा डबा आज वजन करून ठेवायचा आणि पंधरवड्याने पुन्हा. समजा १४ दिवसांत वजन ४९० ग्रॅमने घटले. रोज देवापुढच्या निरांजनात सरासरी ५ ग्रॅम जळत असेल तर ७० ग्रॅम वजा करावे. ही वजाबाकी विसरली तर घरचा हिशेब विनाकारण सहाव्या-सातव्या हिश्श्याने फुगतो. राहिले ४२० ग्रॅम, म्हणजे दिवसाला ३०, आणि चार माणसांत माणशी साडेसात ग्रॅम : ६७ कॅलरी, साडेचार ग्रॅमहून थोडा अधिक संपृक्त मेद. पाहुणे आले, लाडू वळले तर तो पंधरवडा धरू नये. या रीतीत सरासरी कळते, कोणाच्या पानात किती गेले ते कळत नाही. आजोबांना डॉक्टरांनी बंदी घातली असेल आणि नातवाच्या वरणभातावर धार पडत असेल, तर तीस ग्रॅमांची वाटणी चौघांत न करता तिघांत करावी लागते, आणि आजोबा खरोखरच घेत नाहीत ना, हे तूप वाढणारीलाच ठाऊक असते.