बाजारात वेळ साधणे आणि बाजाराला वेळ देणे

कापूस घरात भरून ठेवायचा आणि भाव चढण्याची वाट पाहायची, ही खानदेशातली जुनी रीत आहे, आणि शेअर बाजारातही तसेच करावे असे जळगाव-धुळ्याकडच्या अनेकांना मनापासून वाटते. मात्र दोन्हींत एक मोठा फरक आहे. कापूस एकदाच विकायचा असतो. विकलेला कापूस परत विकत घेण्याचा प्रश्न येत नाही. बाजारात वेळ साधू पाहणाऱ्याला बाहेर कधी पडायचे आणि परत आत कधी शिरायचे, हे दोन्ही निर्णय अचूक घ्यावे लागतात, आणि बहुतेकांचे नुकसान दुसऱ्या निर्णयात होते.

यावल तालुक्यातले माझ्या ओळखीचे एक केळी उत्पादक स्वतःला दीर्घ मुदतीचे गुंतवणूकदार म्हणवतात, कारण त्यांचे पैसे २०१२ पासून सेन्सेक्सबरोबर वर-खाली होणाऱ्या इंडेक्स फंडात आहेत. शुक्रवार, २० मार्च २०२० रोजी त्यांच्या युनिटांची किंमत १० लाख रुपये होती आणि सेन्सेक्स २९,९१६ वर होता. सोमवारी, २३ मार्चला, तो एका दिवसात १३.१५ टक्के कोसळून २५,९८१ वर आला. त्यांनी त्याच दिवशी दुपारी तीनच्या आत सगळी युनिटे विकली आणि त्यांच्या हाती ८ लाख ६८ हजार आले. पुढे २५ मार्चला सेन्सेक्स ६.९८ टक्के आणि ७ एप्रिलला ८.९७ टक्के वाढला. मधल्या दिवसांत त्याने मोठे हेलकावे खाल्ले, तरी पडझडीनंतरच्या अवघ्या नवव्या सत्रात तो ३०,०६७ वर, म्हणजे शुक्रवारच्या पातळीच्याही किंचित वर होता.

‘अजून खाली येईल, मग टाकू,’ असे ते म्हणत राहिले आणि दिवाळीत, सेन्सेक्स ४३,६०० च्या आसपास असताना, परत आले. विकलेल्या प्रत्येक १०० युनिटांच्या जागी त्यांना जेमतेम ६० मिळाली. त्यांच्या खात्यावर आजही ‘२०१२ पासून’ असेच दिसते. दोन गोष्टींची गल्लत होते ती नेमकी इथे. अनेक वर्षे खाते असणे म्हणजे तितकी वर्षे पैसे बाजारात असणे नव्हे.

थोडे दिवस हुकल्याने इतका फरक पडतो, कारण परतावा बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतो. १८ मे २००९ हा दिवस घ्या. लोकसभेचे निकाल शनिवारी लागले आणि सोमवारी सेन्सेक्स १७.३४ टक्के वाढला. बाजार उघडताच वरचे सर्किट, म्हणजे ठरवून दिलेली वाढीची मर्यादा, लागले, व्यवहार थांबले, आणि पुन्हा सुरू होताच परत सर्किट लागून दिवसभरासाठी बंद झाले. निकाल पाहून शिरू म्हणणाऱ्यांना शिरायला वावच मिळाला नाही. हा एक दिवस आणि २०२० चे वरचे दोन, असे तीनच दिवस धरले, तर १.१७३४ × १.०६९८ × १.०८९७ म्हणजे सुमारे १.३६८ होतात. मे २००९ च्या आधीपासून आजवर ज्याचे १० लाख झाले असते, त्याचे हे तीन दिवस हुकल्याने ७ लाख ३१ हजारच होतात. मधली वर्षे कशीही गेली असोत, अखेरच्या रकमेतला हा २७ टक्क्यांचा खड्डा तितकाच राहतो.

या हिशोबाची दुसरी बाजू झाकून ठेवणे मला अप्रामाणिक वाटते. फक्त सर्वांत वाईट दिवस टाळता आले, तर फायदाही तितकाच डोळ्यांत भरण्याजोगा दिसतो. एकटा २३ मार्च टाळणाऱ्याची रक्कम १५ टक्क्यांनी जास्त भरली असती. अडचण अशी की चांगले आणि वाईट दिवस एकमेकांना खेटून येतात. २३ मार्च, २५ मार्च आणि ७ एप्रिल या तिघांचा एकत्र गुणाकार केला तर १.०१२ येतो. तिन्ही दिवस आत राहणारा आणि तिन्ही दिवस बाहेर राहणारा यांच्यात जेमतेम सव्वा टक्क्याचा फरक पडला. मार बसला तो पडझड सोसून मग बाहेर पडणाऱ्याला, आणि माणूस घाबरून विकतो तो पडझड झाल्यावरच.

बाजाराला वेळ देण्यालाही मर्यादा आहेत. वरचे सगळे गणित निर्देशांकाचे आहे. एखाद्या एकट्या कंपनीचा शेअर पडला तर तो कधीच वर न येणेही शक्य असते. निर्देशांकालाही कधी फार वेळ लागतो: जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० ला पोहोचला, २०१० च्या दिवाळीत त्याने तिथे पुन्हा नुसता स्पर्श केला, आणि त्या पातळीच्या वर टिकायला २०१४ चा मार्च उजाडला. म्हणून पुढच्या दोन-तीन वर्षांत ठिबक सिंचनाला किंवा मुलीच्या प्रवेशाला लागणारे पैसे मुळातच इंडेक्स फंडात ठेवू नयेत, कारण ते काढण्याची तारीख बाजार नव्हे, तर घरची गरज ठरवते.