जाळीमागचा बिबट्या : छायाचित्रातून तार पुसण्याच्या तंत्राची पार्श्वभूमी

हॅम्बुर्गजवळच्या स्टेलिंगन येथे १९०७ साली कार्ल हागेनबेक यांनी जे प्राणिसंग्रहालय उघडले, त्यात प्रेक्षक आणि प्राणी यांच्यामध्ये गजांऐवजी खंदक होते. आज सिंहाचे किंवा वाघाचे अडथळ्याविना छायाचित्र काढता येते, ते बऱ्याच अंशी त्या रचनेमुळे. बिबट्याला मात्र खंदक पुरत नाही. तो भिंतीवर आणि झाडावर सहज चढतो, म्हणून त्याचे आवार चारही बाजूंनी आणि बहुधा वरूनही जाळीने बंद करावे लागते. जाळी पुसण्याच्या तंत्राचा इतिहास समजून घ्यायचा तर जाळीमागचा बिबट्या हेच उदाहरण धरावे, कारण त्याच्या अंगावरचा प्रत्येक ठिपका वेगळा असतो आणि तारेखाली काय दडले होते हा प्रश्न त्याच्या बाबतीत खरोखरच महत्त्वाचा ठरतो.

पहिला उपाय भिंगाचाच होता, आणि तो अजूनही सर्वांत प्रामाणिक आहे. २०० मिलिमीटरच्या लेन्सचे ॲपर्चर एफ २.८ इतके उघडले, तर प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचा व्यास सुमारे ७ सेंटीमीटर होतो. अशी लेन्स ३ मिलिमीटर जाडीच्या तारेला जवळजवळ टेकवली आणि बिबट्या पलीकडे काही मीटरवर असला, तर तार छिद्राचा थोडासाच भाग अडवते. बिबट्याच्या अंगावरच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेला प्रकाश तारेच्या दोन्ही बाजूंनी आत येतो आणि तार इतकी पसरट होते की चित्रात फक्त किंचित धुरकटपणा उरतो. तारेवर ऊन पडले असेल तर हा धुरकटपणा वाढतो, म्हणून अनुभवी छायाचित्रकार सावलीतला जाळीचा तुकडा निवडतात किंवा हाताने तेवढ्यापुरती सावली धरतात. मोबाइलच्या कॅमेऱ्याचे छिद्र जेमतेम ४ मिलिमीटरचे असते. जाळीच्या भोकाला तो टेकवला तर उत्तम, पण एक पाऊल मागे आले की तार स्पष्ट रेघ होऊन उमटते. जाळी पुसण्याची गरज मोबाइलच्या काळात इतकी का वाढली, याचे एक कारण या आकड्यांत आहे.

फिल्मच्या काळात उरलेली तार काढण्याचे काम रिटचिंग करणाऱ्याकडे जाई. निगेटिव्हवर पेन्सिल आणि धारदार पाते, प्रिंटवर बारीक ब्रश आणि रंग, अशी त्याची साधने होती. एखादी काडी किंवा डाग त्यांनी झाकता येई, पण संपूर्ण चौकटीवर पसरलेली जाळी काढणे म्हणजे अर्धे चित्र हाताने रंगवण्यासारखेच होते. १९९० साली आलेल्या फोटोशॉपने क्लोन करण्याचे, म्हणजे शेजारचा तुकडा उचलून तारेवर ठेवण्याचे काम सोपे केले आणि २००२ मधील हीलिंग ब्रशने त्या तुकड्याचा रंग व उजेड आजूबाजूला जुळवून घेतला. तरीही काम तारेगणिक, हाताने आणि तासन्‌तास चालणारेच राहिले.

संगणकाने ही पोकळी स्वतः भरावी हा विचार २००० साली बर्टाल्मिओ, सापिरो, कासेयेस आणि बायेस्टर यांच्या शोधनिबंधातून पुढे आला. जुन्या चित्रांची डागडुजी करणारे कारागीर ज्या क्रियेला ‘इनपेंटिंग’ म्हणतात, तेच नाव त्यांनी आपल्या पद्धतीला दिले. कडांवरच्या रेषा आत ओढत नेणारी ही पद्धत अरुंद भेगांसाठी चांगली होती, परंतु केसाळ अंगावर ती गुळगुळीत पट्टा सोडत असे. जाळीकडे स्वतंत्र प्रश्न म्हणून प्रथम नीट पाहिले ते यान्शी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २००८ मध्ये. जाळीची भोके ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येतात, म्हणून संगणकाने आधी ही पुनरावृत्ती शोधावी, त्यावरून तारेचे पिक्सेल वेगळे काढावेत आणि मग चित्राच्या उरलेल्या भागांतून मिळतेजुळते तुकडे आणून रिकाम्या जागा भराव्यात, असा त्यांचा क्रम होता. अडचण शेवटच्या पायरीवर येत होती. जाळीने चित्राचे इतके लहान तुकडे केलेले असतात की उसने घेण्याजोगा सलग भाग फारसा उरत नाही. शिवाय उसना घेतलेला तुकडा हा शेवटी अंदाजच असतो.

मला या इतिहासातला खरा टप्पा वाटतो तो त्यानंतरचा, कारण तेथे अंदाजाची जागा पुराव्याने घेतली. याच गटाने २०१० मध्ये किंचित सरकून घेतलेल्या दुसऱ्या चित्रातून माहिती आणली, आणि २०१५ मध्ये एमआयटी व गूगल येथील संशोधकांनी कॅमेरा हलवत घेतलेल्या मोजक्या फ्रेममधून अडथळा आणि दृश्य वेगळे करून दाखवले. यामागचे गणित साधे आहे. समजा, तार कॅमेऱ्यापासून १ मीटरवर आणि बिबट्या ७ मीटरवर आहे. ३ मिलिमीटरची तार बिबट्याच्या अंगावरचा सुमारे २१ मिलिमीटर रुंदीचा पट्टा झाकते, म्हणजे त्याच्या एखाद्या ठिपक्याचा मोठा भाग. आता कॅमेरा १ सेंटीमीटर बाजूला नेला की तारेने झाकलेला पट्टा बिबट्याच्या अंगावर ६ सेंटीमीटर सरकतो आणि आधी दडलेला भाग पूर्ण उघडा पडतो. दोन फ्रेम जुळवल्या की उभ्या तारेखालचा खरा ठिपका मिळतो. जाळी तिरकी किंवा आडवी असेल, तर हालचालही तिला छेदून जाणारी हवी. मोठ्या लेन्सचे उघडे छिद्र हेच करत असते. त्याचा प्रत्येक बिंदू वेगळ्या जागेवरून पाहतो, फक्त तेथे सगळी दृश्ये एकमेकांत मिसळतात आणि येथे ती सुटी ठेवून निवडता येतात.

ही पद्धत सर्वसामान्यांच्या हाती मात्र त्या रूपात आली नाही. २०१७ च्या गूगलच्या परिषदेत सुंदर पिचाई यांनी बेसबॉल खेळणाऱ्या मुलासमोरची जाळी एका स्पर्शात नाहीशी झालेली दाखवली, पण ती सोय तशीच्या तशी बाजारात आली नाही. २०२१ मध्ये गूगलच्या पिक्सेल ६ या फोनबरोबर मॅजिक इरेझर आला आणि २०२३ मध्ये फोटोशॉपमध्ये जनरेटिव्ह फिल. ही साधने एकाच चित्रावर काम करतात आणि तारेखाली काय असावे ते रचतात. डोळ्याला ते पटते, पण तो ठिपका त्या बिबट्याचा नसतो. कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे जंगलात लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या, छायाचित्रांतून बिबटे ओळखताना ठिपक्यांची मांडणीच पाहिली जाते, त्यामुळे अशा चित्राचा ओळखीसाठी उपयोग करणे मला धोक्याचे वाटते.

रचलेला भाग ओळखायचा असेल तर मिशांपासून सुरुवात करावी. तारेच्या जागी मिशीचा केस तुटतो, जाड होतो किंवा भलत्याच दिशेने पुढे जातो. त्यानंतर अंगावर आणि जमिनीवर पडलेली जाळीची सावली पाहावी. तार पुसली तरी ती चौकड्यांची सावली बहुधा तशीच राहते. पार्श्वभूमीतील पानांमधून झिरपणाऱ्या उजेडाचे गोल ठिपके चिरल्यासारखे दिसत असतील, तर लेन्ससमोर जाळी होती हे नक्की.

फ्रेम जुळवण्याच्या पद्धतीलाही दोन ठिकाणी थांबावे लागते. बिबट्या येरझाऱ्या घालत असेल तर दोन फ्रेममधले त्याचे अंग जुळत नाही, म्हणून तो पहुडलेला असताना, शक्यतो एका श्वासाच्या अवकाशात त्या घ्याव्या लागतात. आणि तो जाळीला अंग घासत असेल, तर तार आणि अंग यांच्यात अंतरच नसते. कॅमेरा कितीही सरकवला तरी त्याच जागा झाकलेल्या राहतात, आणि तार काढून टाकली तरी तिने दाबलेल्या केसांची खाच बिबट्याच्या कुशीवर चौकटीगणिक दिसत राहते.