खाजनाच्या मातीचे दोन पीएच का येतात?

आमच्या प्रयोगशाळेतल्या ज्येष्ठ तंत्रज्ञ या महिन्यात निवृत्त होत आहेत. जाताना त्यांनी आपल्या जागी येणाऱ्या मुलीसाठी ही चिठ्ठी लिहिली. पिशवी घेताना आम्ही एवढे प्रश्न का विचारतो ते हिच्यातून कळेल, म्हणून ग्राहकांसाठी ती छापत आहोत.

प्रिय मुली,

पिशवी उघडण्याआधी नोंदवहीत लिही. गाव, सर्वे नंबर, किती खोलीवरची माती, काढल्याची तारीख आणि आली तेव्हा ओली होती की सुकी. ही शेवटची नोंद मी सुरुवातीला करत नव्हते.

मग चोडणच्या एका खाजनातली माती आली. ओली असताना पीएच 6.3 आला. तीन आठवडे ताटात सुकली, पुन्हा मोजला तर 4.1. मला वाटलं, इलेक्ट्रोड बिघडला. पण 7 आणि 4 च्या बफरमध्ये तो अचूक दाखवत होता. बदलली होती ती माती. खाजनाच्या चिखलात लोह आणि गंधकाचं खनिज असतं. पाण्याखाली ते निजलेलं असतं, पण सुकताना हवा लागली की त्यातून गंधकाम्ल तयार होतं. म्हणून खाजनाचा पीएच आल्या दिवशीच, ओल्या मातीवर घे. सुकल्यावर पुन्हा घे, आणि अहवालात दोन्ही आकडे तारखेसह दे. ओला आकडा आजच्या शेताचा, सुका आकडा पाणी हटवलं तर काय होईल त्याचा. एकाच आकड्यावरून चुना सांगू नकोस.

सुक्या मातीसाठी 20 ग्रॅम माती, 50 मिली शुद्ध पाणी, अर्धा तास मधूनमधून ढवळ. आधी क्षारता मोज, मग पीएच. इलेक्ट्रोडमधून पोटॅशियम क्लोराइड थोडं थोडं झिरपतं. तो आधी बुडवला तर मिठाचा आकडा फुगतो, आणि खाजनवाला तर मिठासाठीच विचारायला आलेला असतो.

इलेक्ट्रोड शुद्ध पाण्यात कधी ठेवू नकोस. त्यातले क्षार निघून जातात आणि आकडा रेंगाळायला लागतो. त्याची टोपी पोटॅशियम क्लोराइडच्या 3 मोलर द्रावणाने भरलेली असू दे: 22.4 ग्रॅम पावडर, पाणी घालून एकूण 100 मिली. काचेचा गोळा पुसायचा नाही, मऊ कागदाने टिपायचा. आकडा स्थिर व्हायला दोन मिनिटांहून जास्त लागले तर आधी गोळ्यावर चिखलाचा थर आहे का बघ. कोरडा पडला असेल तर रात्रभर त्याच द्रावणात भिजत ठेव आणि सकाळी पुन्हा बफर लाव.

ग्राहकांनी एवढं करावं: खाजनातली माती उन्हात सुकवू नये. पिशवी दाबून हवा काढावी, तोंड घट्ट बांधावं आणि त्याच दिवशी आणावी. नाव-गाव पेन्सिलीने कागदावर लिहून तो बाहेरच्या दुसऱ्या पिशवीत घालावा. ओल्या मातीत शाई पसरते.