प्लिंथ प्रोटेक्शन : घराभोवतीचा जोतेसंरक्षक पट्टा

घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून, चारही बाजूंनी, बाहेरच्या दिशेने उतार देऊन केलेल्या काँक्रीटच्या किंवा फरशीच्या पट्ट्याला प्लिंथ प्रोटेक्शन म्हणतात. बांधकामावरची माणसे हाच शब्द वापरतात. मराठीत त्याला जोतेसंरक्षक पट्टा म्हणता येईल. छपराच्या पागोळ्यांचे आणि भिंतीवरून ओघळणारे पाणी पायाजवळ मुरू न देता दूर नेऊन सोडणे हे त्याचे काम.

मुरमाड किंवा खडकाळ जमिनीवर पट्टा नसला तरी घर सहसा तग धरते. तिथे त्याचा उपयोग मुख्यतः जोत्यावर उडणारा चिखल आणि भिंतीत चढणारी ओल कमी करण्यापुरता असतो. खरी गरज पडते ती काळ्या मातीत. विदर्भ, मराठवाडा आणि सोलापूरच्या पट्ट्यातली ही माती पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. याचे कारण तिच्यातले माँटमोरिलोनाइट हे चिकणमातीचे खनिज. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते एकमेकांपासून दूर सरकतात.

घर उभे राहिले की त्याच्या मधल्या भागाखालची माती झाकली जाते. तिच्यावर पाऊस पडत नाही आणि ऊनही लागत नाही, म्हणून तिथली ओल वर्षभर जवळपास सारखी राहते. भिंतीलगतच्या मातीचे तसे नसते. ती जुलैत भिजून फुगते, एप्रिल-मेमध्ये वाळून खचते. म्हणजे एकाच घराचा मधला भाग स्थिर आणि कड मात्र दरवर्षी वरखाली होत असते. दगडविटांच्या भिंतीला ही फरकाची हालचाल सोसत नाही. खिडकी-दारांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. कड खचल्यामुळे पडलेली भेग बहुधा वर रुंद आणि खाली निमुळती असते. उन्हाळ्यात ती उघडते आणि पावसाळ्यात पुन्हा मिटू लागते. ऋतूबरोबर अशी उघडझाप करणारी भेग दिसली, की दोष गिलाव्यात न शोधता मातीत शोधावा.

म्हणून ‘पायाची माती कोरडी ठेवणे’ हे पट्ट्याच्या कामाचे वर्णन माझ्या मते अर्धेच आहे. तो पावसाळ्यात पाणी आत जाऊ देत नाही, तसाच उन्हाळ्यात मातीतली ओल उडूही देत नाही. ओल बदलणारी कड तो भिंतीखालून काढून बाहेर अंगणात ढकलतो. माती नुसती कोरडी असण्यापेक्षा तिची ओल बदलती नसणे पायाला जास्त मानवते.

रुंदी यावरूनच ठरते. साध्या जमिनीत ७५ सेंटिमीटर ते १ मीटर पट्टा सर्रास करतात. काळ्या मातीत तेवढा पुरत नाही. तिथे दीड ते दोन मीटर ठेवणे योग्य. दुसरी अट पागोळ्यांची. पागोळी जिथे पडते त्या रेषेच्या पुढे पट्टा किमान ३० सेंटिमीटर गेला पाहिजे, नाहीतर सगळे पाणी नेमके त्याच्या कडेला पडून खालची माती पोखरते. उतार साधारण ३० ला १ असावा. त्याहून सपाट ठेवला तर काँक्रीटच्या खडबडीत पृष्ठभागावर डबकी राहतात.

एक उदाहरण घेऊ. १० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद घर, चारही बाजूंना ६० सेंटिमीटर वळचण. छपराचे क्षेत्र सुमारे १०३ चौरस मीटर होते, आणि एका सरीत २५ मिलिमीटर पाऊस पडला तर त्यावरून अडीच हजार लिटरहून जास्त पाणी खाली येते. हे सगळे भिंतीपासून दोन फुटांवर पडते. दीड मीटरचा पट्टा केला तर पागोळीच्या पुढे ९० सेंटिमीटर राखीव राहते. ३० ला १ या हिशेबाने भिंतीपासून बाहेरच्या कडेपर्यंत ५ सेंटिमीटर उतार येतो. पट्ट्याचे क्षेत्र ६३ चौरस मीटर. १० सेंटिमीटर जाडीला ६.३ घनमीटर काँक्रीट लागते.

काम करताना आधी भिंतीलगतची वरची काळी माती काढून तिथे मुरूम भरतात. भराव १५-१५ सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून, धुमसाने ठोकून करावा. पायाच्या चरीत टाकलेली माती न ठोकता वर काँक्रीट ओतणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात ती माती बसते, पट्टा भिंतीकडे कलतो आणि सगळे पाणी पायाकडे वळवतो. असा उलटा पट्टा असण्यापेक्षा नसलेला बरा, कारण आत गेलेले पाणी काँक्रीटखाली अडकून उन्हाने वाळतही नाही. मुरमाऐवजी वाळूही वापरू नये. काळ्या मातीच्या खड्ड्यात भरलेली वाळू हौदासारखे पाणी धरून ठेवते.

काँक्रीट भिंतीला चिकटवून ओतायचे नाही. भिंत आणि पट्टा वेगवेगळे हलतात, म्हणून मध्ये १२ मिलिमीटरच्या आसपास फट ठेवून ती डांबर आणि वाळूच्या मिश्रणाने भरतात. तसेच दर दोन-अडीच मीटरवर आडवे सांधे ठेवतात, म्हणजे काँक्रीट हवे तिथेच तडकते. भिंतीजवळची ही फट पट्ट्याचा सर्वांत नाजूक भाग आहे. डांबर काही वर्षांत सुकून सुटते आणि तिथून थेट पायात पाणी उतरते. दर मे महिन्यात घराभोवती एक फेरी मारून ती पाहावी, सुटली असेल तिथे पुन्हा भरावी. उतार तपासायला बादलीभर पाणी भिंतीजवळ ओतले की पुरते. ते भिंतीकडे परतले किंवा थबकले तर दोष समजतो. बाहेरच्या कडेला उथळ गटार हवे, आणि त्या गटाराला पुढे जायला वाट हवी.

पट्ट्याची वरची पातळी जोत्यातल्या ओल रोखणाऱ्या थराच्या किमान १५ सेंटिमीटर खाली असावी. नंतर हौसेने त्यावर फरशी चढवत गेले, की हे अंतर संपते आणि ओल तो थर ओलांडून भिंतीत चढते.

जुन्या घराला पट्टा करायचा तर काळ महत्त्वाचा. मेमध्ये तडकलेल्या कोरड्या मातीवर तो केला, तर झाकल्यावर खालची माती हळूहळू ओल धरून फुगते आणि काँक्रीट उचलते. पाऊस संपून महिना-दीड महिना झाला, माती ना चिखल ना ढेकूळ अशी असते, तेव्हा काम घ्यावे.

याला मर्यादाही आहेत. भूजल वर आले असेल, मोरीचा नळ किंवा सांडपाण्याचा चेंबर पट्ट्याखाली गळत असेल, तर वरचे झाकण काही करू शकत नाही. उलट गळती लपते. भिंतीजवळचे मोठे झाडही मुळांनी पट्ट्याखालची ओल ओढून घेते. काळ्या मातीत ऋतूनुसार ओल बदलणारा थर सुमारे साडेतीन मीटर खोल जाऊ शकतो, त्यामुळे उथळ पाया असलेल्या मोठ्या इमारतीला नुसता पट्टा पुरत नाही. तिथे त्या थराखाली उतरणाऱ्या, तळाशी कंद असलेल्या अंडररीम्ड पाइलचा पाया घेतात, आणि पट्टा त्याच्या जोडीला करतात.