खुलासा: सर्वाधिक स्वॅब झोन 1 मधून?

‘अन्न कारखान्यात अन्नाचा थेट स्पर्श झोन 1 च्या पृष्ठभागांना होतो, म्हणून लिस्टेरिया या रोगजंतूच्या शोधासाठी सर्वाधिक स्वॅब तिथलेच, बरोबर ना?’

अन्नसुरक्षेच्या परीक्षेत हाच पर्याय मोहात पाडतो, पण तो चूक आहे. लिस्टेरिया ओल्या कोपऱ्यांत तळ ठोकतो: गटाराची जाळी, ट्रॉलीची चाकं (झोन 3), यंत्राची बाहेरची चौकट (झोन 2). म्हणून शोधमोहिमेचा भर तिथेच असतो. झोन 1 मध्ये रोगजंतू सापडला, तर तो लॉटच संशयित ठरतो आणि माल रोखावा लागतो.

समजा, गटाराचा स्वॅब पॉझिटिव्ह आला. नुसतं गटार धुऊन तिथलाच स्वॅब पुन्हा घेणं अपुरं (हा पर्यायही हमखास असतो!). आजूबाजूला, यंत्राच्या दिशेने स्वॅब घेत मूळ स्रोत शोधायचा. स्वच्छतेनंतर लगेच नव्हे, उत्पादन काही तास चालल्यावर. तेव्हा फटींतले जंतू बाहेर येतात.