परिषदेसाठी वक्ता-परिचय: आम्ही तो कसा लिहितो

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या कारखान्यांतून आमच्याकडे परिचय येतात, त्यांतले बरेच 'दांडगा अनुभव' या शब्दांनी सुरू होतात. अनुभव खराच असतो. पण निवड समितीला हवं असतं एवढंच, की हे सत्र याच माणसाने का घ्यावं. म्हणून आधी आम्ही सत्राचं शीर्षक हाताने झाकतो आणि परिचय वाचतो. विषय ओळखता आला नाही, तर तो परिचय परत लिहायचा.

समजा, फाउंड्रीतल्या सँड प्लांटचे एक सुपरवायझर आले आहेत. विषय आहे, 'वाळूतला ओलावा आणि ग्रे आयर्न कास्टिंगमधले ब्लोहोल'. त्यांनी आणलेला मजकूर असा: 'बी.ई. मेकॅनिकल, २० वर्षांचा अनुभव, अनेक पुरस्कार, उत्तम वक्ते.' हा मजकूर आयएसओवरच्या भाषणालाही चालेल.

आम्ही विचारतो, रिजेक्शन कुठल्या कास्टिंगचं आणि कधीचं? ते पावसाळ्याचे आकडे देतात. मग तुलनाही पावसाळ्याशीच हवी. जुलैशेजारी जानेवारीचा आकडा ठेवला, तर समितीतला फाउंड्रीवाला हवामानाकडे बोट दाखवणारच. पुढचा प्रश्न जास्त अवघड असतो: दोष ओलाव्याचाच होता हे कशावरून? कोअरमधल्या गॅसनेही ब्लोहोल पडतात. ते सांगतात, "कास्टिंग फोडून बघितली. कोअरच्या बाजूची भोकं वेगळी मोजली." हे वाक्य आम्हाला पदवीपेक्षा मोलाचं वाटतं, कारण ज्याने काम स्वतः केलंय तोच असं बोलतो.

मग परिचय असा होतो:

'ग्रे आयर्न फाउंड्रीत ११ वर्षं सँड प्लांट सांभाळतात. पावसाळ्यात पंप बॉडीच्या १०० नगांमागे ९ ब्लोहोलमुळे बाद होत. कास्टिंग फोडून त्यांनी कोअरचे दोष वेगळे काढले, दर तासाला वाळूचा ओलावा आणि कॉम्पॅक्टिबिलिटी तपासून मिक्सरचं पाणी ठरवायला सुरुवात केली. पुढच्या पावसाळ्यात तोच आकडा ४ झाला. ही तपासणी ते पाळीच्या सुरुवातीला मोल्डरना २० मिनिटांत शिकवतात.'

शेवटचं वाक्य मुद्दाम ठेवलंय. व्यासपीठाचा अनुभव नसला तरी हा विषय ते माणसांना समजावून सांगतात, हे त्यातून दिसतं. पुरस्कार मात्र गाळले, त्यांचा वाळूशी संबंध नव्हता.

कोअरचे दोष वेगळे मोजलेच नसते, तर आम्ही परिचय फुगवला नसता. शीर्षकच आवरून 'वाळूच्या ओलाव्याची दर तासाची तपासणी' एवढं करायला सुचवलं असतं.

येताना प्रस्तावाचा फॉर्म आणा, शब्दमर्यादा त्यातच असते. दोन्ही हंगामांच्या रिजेक्शन रजिस्टरची पानंही आणा. आकडे किंवा कंपनीचं नाव छापायचं असेल, तर मालकांची लेखी परवानगी लागेल. सगळ्यांच्या मिळून केलेल्या कामात तुमचा वाटा कुठला, तेही आठवून ठेवा. आम्ही ते विचारणारच, आणि सत्रानंतर श्रोतेही विचारतात.