किती पाहुण्यांना किती इंची केक लागतो?

ऑर्डर देताना बरेच जण म्हणतात, "आठ इंची केक सोळा जणांना पुरतो, मग सोळा इंची बत्तीस जणांना पुरेल ना?" गोल केकचा हिशेब तसा होत नाही. व्यास दुप्पट झाला की केकचं क्षेत्रफळ चौपट होतं, म्हणून तुकडेही चौपट निघतात. आठवरून दहा इंचांवर गेलात तरी केक दीडपटीहून थोडा जास्तच होतो.

आमचा केक साधारण चार इंच उंच असतो. इतक्या उंच केकचा दीड इंच रुंद आणि दोन इंच लांब तुकडा एका माणसाला पुरतो. या मापाने सहा इंची केकचे 8, आठ इंचीचे 16, दहा इंचीचे 24 आणि बारा इंचीचे 36 तुकडे होतात. केक दोनच इंच उंच हवा असेल, तर हे आकडे निम्मे धरा. व्यास म्हणजे केकचा, खालच्या बोर्डचा नव्हे.

हे आकडे हाती येतात ते केक नीट कापला तरच. सहा आणि आठ इंची केक नेहमीसारखे तिकोनी कापा. दहा इंची केकचे मात्र 24 तिकोनी तुकडे करायला गेलात, तर प्रत्येक तुकडा पाच इंच लांब आणि कडेला जेमतेम सव्वा इंच रुंद होतो. तो बशीत उभा राहत नाही, टोक सुरीलाच चिकटून राहतं. मग कापणारा तुकडे मोठे करतो आणि शेवटच्या पाहुण्यांपर्यंत केक पोचत नाही. म्हणून आधी कडेपासून दोन इंच आत सुरीने गोल काप घ्या. बाहेरच्या कड्याचे दीड दीड इंचाचे 16 तुकडे करा. आत उरलेल्या सहा इंची गोलाचे 8 तिकोनी तुकडे होतात. बारा इंचीतही हीच रीत: बाहेर 20, आत 16. केक थंड असतानाच कापा, आणि प्रत्येक कापानंतर सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या.

आता समजा, यादीत मुलांसह 40 जण आहेत. बारा इंची केकमध्ये चार जण राहून जातात. दहा आणि आठ इंची असे दोन केक घेतले तर बरोबर 40 तुकडे होतात, पण एखादा तुकडा मोडला किंवा ऐनवेळी कुणी आलं की पंचाईत. आमचा सल्ला: बारा इंची आणि सोबत सहा इंची घ्या, म्हणजे 44 तुकडे होतील. दहापाठी एक तुकडा जास्तीचा असावाच. लहान मुलांसाठी अर्धा तुकडा धरू नका. मुलं केकच्या बाबतीत मोठ्यांना हार जात नाहीत.

केकनंतर लगेच जेवण असेल, तर हेच माप पुरेसं आहे. चहासोबत फक्त केकच द्यायचा असेल, तर माणशी दीड तुकडा धरा. म्हणजे 40 जणांना 60 तुकडे लागतील, त्यासाठी बारा आणि दहा इंची असे दोन केक सांगा.